न लागलेला षड्ज



विसाव्या शतकातल्या पाश्चात्य संगीताचा आढावा घेताना वर्गात बहुधा एक वाक्य सांगून पुढे जातात: वाग्नरने अर्धस्वर इतके वाढवले की स्वरकेंद्र कोसळलं. आज छत्रपती संभाजीनगरात माझ्यासमोर तानपुऱ्यावर कान तयार झालेले शिक्षक बसले आहेत, म्हणून हे वाक्य इथेच तपासून पाहावंसं वाटतं. ललितात आपण दोन्ही मध्यम लागोपाठ लावतो आणि तरी षड्जाला धक्का लागत नाही, कारण तो मागे वाजतोच आहे. केवळ अर्धस्वर आले म्हणून केंद्र गेलं, हे निदान आपल्याला तरी पटू नये.

तिकडे सा असा मागे वाजत नसतो. तो श्रोत्याच्या मनात असतो आणि स्वरमेळांची ओढ त्याला तिथे जागा करून देते. प, नी, रे आणि म एकत्र वाजले की शुद्ध नी वर सा कडे खेचतो आणि कान सा ची वाट पाहू लागतो. त्या परंपरेतला सा म्हणजे एक वचन आहे. ते किती काळ अपुरं ठेवता येईल, हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा खरा प्रश्न होता.

‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ 10 जून 1865 रोजी म्युनिकमध्ये रंगमंचावर आलं. त्याच्या पूर्वरंगाची सुरुवात पेटीवर वाजवून पाहा. पांढरी सहा हा सा धरा. चेलो एकटाच सा वरून उडी घेऊन कोमल ध वर जातो, तिथून प आणि मग तीव्र म वर उतरतो. त्या तीव्र म वर सुषिर वाद्यं येतात आणि कोमल ध, रे, तीव्र म, नी असा तो प्रसिद्ध मेळ उभा राहतो. ओबो नी वर लांब थांबतो, मग सा, कोमल रे, शुद्ध रे असा अर्ध्याअर्ध्या स्वराने चढतो. सा लागतो खरा, पण वाटेतली पायरी म्हणून, क्षणभर. खाली कोमल ध चा प होतो, तीव्र म चा शुद्ध म होतो आणि हाती येतो तोच प, नी, रे, म चा मेळ. कान आता सा मागतो. वाग्नर शांतता देतो. मग हेच बोलणं वरच्या पट्टीतून पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा अर्ध्यावर थांबतं. सतराव्या मात्राखंडात पुरा ऑर्केस्ट्रा मुक्कामाला पोहोचतो तेव्हा सा च्या जागी कोमल ध चा मेळ लागतो. पूर्वरंग संपेपर्यंत सा विसाव्याला येतच नाही.

इथे आपल्या वर्गात एक चूक हमखास होते. याला अटोनल म्हणून मोकळे होतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. ध्वनिमुद्रण तिसऱ्या मात्राखंडावर थांबवा आणि विद्यार्थ्यांना सा गुणगुणायला सांगा. न वाजलेला सा बहुतेकांना सापडेल. ओढ सुटलेली नाही, उलट असह्य झालेली आहे. ताण आहे तो पुढच्या पिढीसाठी: प्रत्येक अर्धस्वर कुठल्या ना कुठल्या स्वराचा नी होऊ शकतो, हे एकदा कळलं की कान एकाच वेळी चार दिशांना खेचला जातो. चार सा बोलावू लागले की एकाचाही भरवसा उरत नाही.

आर्नोल्ड शोनबर्गची दुसरी तंतुचौकडी 21 डिसेंबर 1908 रोजी व्हिएन्नात वाजली. पहिलं अंग एफ शार्प मायनरमध्ये आहे. तिसऱ्यात गायिकेचा आवाज येतो. चौथ्या अंगाच्या स्वरलिपीत पट्टीची खूणच नाही. तिथे ध्वनिमुद्रण थांबवा आणि सा विचारा: वर्गात जितकी मुलं तितकी उत्तरं येतील. वाद्यं मात्र तीच आहेत आणि बारा स्वरही तेच. गेली ती फक्त वाट पाहण्याची खात्री. आणि तरीही शेवटचा मेळ एफ शार्प मेजरचा आहे. ते अंग मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा त्या शेवटच्या मेळाशी गलबलून आलं. सोडून दिलेल्या घराच्या दाराला जाता जाता हात लावावा, तसा तो लागतो.

या वाटेवरचा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात आला होता. शोनबर्गच्या ‘गुरेलीडर’चा पहिला प्रयोग 1913 मध्ये फ्रान्झ श्रेकर यांनी संचालित केला. श्रेकरांची स्वतःची ऑपेराही अशाच निसटत्या मेळांवर तरंगते. बर्लिनमध्ये त्यांच्याकडे शिकलेले वॉल्टर कौफमन नाझींच्या काळात युरोप सोडून 1934 मध्ये मुंबईला आले आणि पुढे तिथल्या आकाशवाणीत पाश्चात्य संगीताचं काम पाहू लागले. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांच्याच नावाने सांगितली जाते. आपल्यापैकी कित्येकांचं बालपण तिच्यावर उजाडलं आहे. पुढच्या खेपेला ती ऐकाल तेव्हा व्हायोलिन सोडा आणि खाली कान लावा. तिथे तंबोरा आहे आणि सा पहिल्यापासून वाजतो आहे.