दुप्पट आणि वर एक : हनोईच्या मनोऱ्याचे गणित

(केंद्रसंमेलनातील भाषण)



संख्यांच्या काही मालिका अशा असतात की, त्यांतील प्रत्येक पद मागील पदावरून सिद्ध होते. १, ३, ७, १५, ३१ ही अशीच एक मालिका होय. मागील पदाची दुप्पट करावी व तीत एक मिळवावा, म्हणजे पुढील पद हाती येते. नियम इतका सोपा की चौथीचा विद्यार्थीही तो पाळू शकेल. परंतु चौसष्टावे पद विचारले, तर त्रेसष्ट पायऱ्या चढून जाण्यावाचून गत्यंतर आहे काय? पायऱ्या न चढता थेट त्या पदापाशी नेणारे सूत्र कसे मिळते, व ते खरे आहे हे कशावरून ठरते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ही मालिका एका खेळण्यातून उद्भवते. एदुआर ल्युका (१८४२ ते १८९१) या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली ‘हनोईचा मनोरा’ या नावाचे एक कोडे प्रसिद्ध केले. त्यावर कर्त्याचे नाव मात्र ‘सयामचे एन. क्लाऊस’ असे छापले होते. ल्युका हा आमियां या गावचा. स्वतःचे व गावाचे नाव यांतील अक्षरांची उलटापालट करून त्याने हे टोपणनाव बनविले होते. खेळण्यात तीन खुंट्या व लहानमोठ्या आठ चकत्या होत्या. सर्व चकत्या एका खुंटीवर, मोठी तळाशी व लहान वर, अशा रचलेल्या असतात. त्या दुसऱ्या खुंटीवर तशाच क्रमाने न्यावयाच्या. नियम दोनच: एका वेळी एकच, म्हणजे खुंटीवरील सर्वांत वरची, चकती उचलावयाची, आणि लहान चकतीवर मोठी चकती कधीही ठेवावयाची नाही.

शाळेत यासाठी विकतचे साहित्य नको. जाड पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या चकत्या कापाव्यात व फरशीवर खडूने अ, ब, क अशी तीन वर्तुळे काढावीत. तीन चकत्या अ वरून क वर नेण्याच्या चाली पुढीलप्रमाणे होतात. लहान चकती क वर, मधली ब वर, पुन्हा लहान ब वर. मग मोठी क वर. नंतर लहान अ वर, मधली क वर आणि शेवटी लहान क वर. एकूण चाली ७. एखाद्या मुलाने पहिलीच चाल क ऐवजी ब वर केली आणि पुढे याच पद्धतीने खेळला, तर सात चालींनंतर मनोरा क वर न राहता ब वर उभा राहतो. चकत्यांची संख्या विषम असेल तर सर्वांत लहान चकती प्रथम इष्ट खुंटीवर, सम असेल तर दुसऱ्या रिकाम्या खुंटीवर न्यावी, हे लक्षात ठेवले की ही चूक होत नाही.

आता या सात चालींकडे पुन्हा पाहावे. पहिल्या तीन चालींत वरच्या दोन चकत्या बाजूला गेल्या. चौथ्या चालीत मोठी हलली. शेवटच्या तीन चालींत त्या दोन चकत्या मोठीवर येऊन बसल्या. म्हणजे ३ + १ + ३. चार चकत्या असल्या तरी रीत हीच: वरच्या तीन बाजूला नेण्यास ७, तळाची हलविण्यास १, तीन परत आणण्यास ७, मिळून १५. n चकत्यांना लागणाऱ्या चाली चₙ या चिन्हाने दाखविल्या तर

चₙ = २ × चₙ₋₁ + १

असे लिहिता येते. परंतु इतक्या चालींत काम होते, एवढेच याने सिद्ध झाले. याहून कमी चालींत ते होणारच नाही, हे कशावरून? त्याचे कारण तळाच्या चकतीपाशी आहे. ती प्रथम हलते त्या क्षणी तिच्यावर काही असता कामा नये आणि ती जेथे जाते ती खुंटीही रिकामी हवी. तेव्हा उरलेल्या सर्व चकत्या तिसऱ्या खुंटीवर एकत्र असल्याच पाहिजेत, आणि तेथे जाण्यास त्यांना किमान चₙ₋₁ चाली लागतात. मोठी चकती शेवटची हलते तेव्हाही उरलेल्या सर्व एकाच खुंटीवर असतात, व त्यांना तिच्यावर येण्यास पुन्हा तितक्याच चाली लागतात. मोठी स्वतः एकदा तरी हलतेच. सबब याहून कमी चाली संभवत नाहीत.

नियम हाती आला. एक चकती असता १ चाल, म्हणून पदे १, ३, ७, १५, ३१ अशी येतात. येथे वर्गात एक ठराविक चूक आढळते. पाच चकत्यांना ३१ चाली लागतात, तर दहा चकत्यांना किती, असे विचारले असता ‘बासष्ट’ हे उत्तर येते. चकत्या दुप्पट म्हणून चालीही दुप्पट, असा तो तर्क होय. वास्तविक दुप्पट होते ती प्रत्येक नव्या चकतीगणिक. पाचांनंतर ६३, १२७, २५५, ५११ आणि दहा चकत्यांना १०२३. सेकंदाला एक चाल धरली तर पाच चकत्यांचे काम अर्ध्या मिनिटात होते, दहांना मात्र सतरा मिनिटे लागतात.

आता सूत्राकडे वळावे. चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल की, हे तर २, ४, ८, १६, ३२ यांतून एकेक वजा केलेले अंक आहेत. त्याचे म्हणणे खरे आहे, पण पाच पदे जुळली म्हणून सहावे जुळेलच, असे गणितात म्हणता येत नाही. त्याचे उदाहरण दाखविण्याजोगे आहे. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्यावेत, प्रत्येक दोन बिंदू सरळ रेषेने जोडावेत आणि तीन रेषा आतील एकाच ठिकाणी मिळणार नाहीत याची काळजी घ्यावी. वर्तुळाचे भाग मोजले तर एक, दोन, तीन, चार व पाच बिंदूंना अनुक्रमे १, २, ४, ८, १६ भाग येतात. सहा बिंदूंना ३२ येतील अशी सर्वांची खात्री असते. प्रत्यक्षात ३१ येतात. जुळणी दिसणे हा तर्काचा आरंभ होय, शेवट नव्हे.

मनोऱ्याच्या मालिकेत मात्र कारण दाखविता येते. नियमाच्या दोन्ही बाजूंत एक मिळवून पाहावा.

चₙ + १ = २ × चₙ₋₁ + २ = २ × (चₙ₋₁ + १)

याचा अर्थ असा की, प्रत्येक पदात एक मिळविला तर जी नवी मालिका होते, ती नुसती दुप्पट होत जाते. वरचा अडचणीचा एक नाहीसा झाला. नव्या मालिकेचे पहिले पद १ + १ म्हणजे २. पुढे ४, ८, १६. म्हणून n वे पद २ⁿ होय. मिळविलेला एक परत काढून घेतला की

चₙ = २ⁿ − १

हे सूत्र सिद्ध होते. येथे अंदाज कोठेही नाही. प्रत्येक पायरी नियमातून निघाली आहे.

एकच का मिळवावा, दोन का नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर तो टाळू नये. जी संख्या दुप्पट करून एक मिळविला असता जशीच्या तशी राहते, ती शोधावी. x = २x + १ हे समीकरण सोडविले तर x = −१ येते. मालिकेचे प्रत्येक पद या −१ पासून किती दूर आहे ते मोजले, तर ते अंतर दर वेळी दुप्पट होते. −१ पासूनचे अंतर म्हणजेच पदात एक मिळविणे. नियम ‘दुप्पट आणि वर तीन’ असा असेल तर स्थिर राहणारी संख्या −३ येते, व तेव्हा तीन मिळवावे लागतात. ‘मागील पद आणि वर एक’ अशा नियमात मात्र स्थिर राहणारी संख्याच मिळत नाही. तेथे ही युक्ती चालत नाही आणि वाढही घातांकाची नसते.

सूत्र पाठ करणाऱ्याची फसगत आरंभीच्या पदापाशी होते. नियम तोच, पण पहिले पद ५ असेल तर ५, ११, २३, ४७ अशी मालिका येते. येथे २ⁿ − १ लागू पडत नाही. एक मिळवून पाहिले तर ६, १२, २४, ४८. म्हणून n वे पद ६ × २ⁿ⁻¹ − १ होय. चौथे पद ताडून पाहावे: ६ × ८ − १ = ४७. घातांक n की n − १, ही शंका पहिले पद घालून तत्काळ मिटते: ६ × १ − १ = ५.

हेच सूत्र चकत्या हलवितानाही पडताळता येते. चार चकत्यांच्या खेळात प्रत्येक चकती किती वेळा हलली, त्याच्या खुणा फळ्यावर कराव्यात. मोठी १ वेळा, तिच्यावरची २, त्यावरची ४ आणि सर्वांत लहान ८ वेळा हललेली दिसते. १ + २ + ४ + ८ = १५. या बेरजेत आणखी एक घातला तर १ व १ मिळून २, २ व २ मिळून ४, ४ व ४ मिळून ८, ८ व ८ मिळून १६, असे पुढे सरकत जाते. एकाची ती उणीव हीच सूत्रातील ‘वजा एक’ होय.

१८८४ साली आंरी द पार्व्हिल या फ्रेंच लेखकाने या खेळण्याभोवतीची एक कथा प्रसिद्ध केली. काशीच्या मंदिरात सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या अहोरात्र हलवीत असतात, व त्यांचे काम संपताच जगाचा अंत होईल, अशी ती कल्पित कथा. सूत्राने चालींची संख्या २⁶⁴ − १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ येते. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८ हजार ५०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आजच्या मापनानुसार सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. हे उत्तर काढण्यास एकेक पायरी चढावी लागली नाही. दोन हा अंक सहा वेळा वर्ग करीत जावा: २ चा ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६. आणखी दोन वर्ग केले की २⁶⁴ हाती येते, आणि त्यातून एक वजा करावयाचा राहतो.