समता पोस्टरवर लिहिताना

कॉलेजच्या समता अभियानासाठी आद्याक्षरी कविता लिहायची, तर आधी ‘समानता’ची चार अक्षरे मांडा: स, मा, न, ता. काना सोडू नका. चौथी ओळ ‘तळमळ’ने सुरू झाली, तर उभे वाचताना ‘समानत’ उरते.

दुसरी अडचण घोषणांची. ‘समान हक्क सर्वांना’ ही ओळ कुठल्याही भिंतीवर चालते. तिच्यात माणूस दिसत नाही. त्यापेक्षा पवनारकडे पाहा. धाम नदीकाठी विनोबांनी 1959 मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथे अंगमेहनत सगळ्यांनी करायची आणि निर्णय सर्वानुमते घ्यायचा. यातूनच ओळी मिळतात:

सकाळचा झाडू आज तुझ्या हाती, उद्या माझ्या;
मालक इथे कुणीच नाही, कामाला हात सगळ्यांचे;
नको म्हणेल एक जरी, बाकीचे थांबून ऐकू;
ताट वाढणारीही आता पंगतीत शेजारी बसेल.

पोस्टरवर पहिली अक्षरे ठळक रंगात, एकाखाली एक ठेवा. मंचावर मात्र ती कानाला कळत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीआधी एकाने अक्षर मोठ्याने म्हणावे. आणि चौथी ओळ लिहिण्यापूर्वी आपल्या मेसमध्ये शेवटी कोण जेवते, हे विचारून या.