नुसता फोटो आला तर...

(मंडळाच्या श्रावणातील व्याख्यानमालेत वडोदरा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मोठा विषय माझ्याकडे नाही. नोकरीतली शेवटची चौदा वर्षं मी प्रशिक्षण विभागात होतो आणि दुसऱ्यांच्या स्लाइडी तपासण्यात माझा बराच वेळ गेला. त्यामुळे नात्यातली मुलं अजूनही मला स्लाइडचे फोटो पाठवतात. पाठवतात म्हणजे कसे? नुसता फोटो. वर काही नाही, खाली काही नाही. "मामा, बघा ना" एवढंसुद्धा नाही. आज मी तेवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे. असा फोटो आला की आपण करायचं काय?

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा रात्री पावणेदहाला असा एक फोटो आला. लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला, त्यामुळे त्यावर त्या रेघारेघा आलेल्या. स्लाइड इंग्रजीत होती, विषय सयाजीराव महाराज आणि शिक्षण. एका बाजूला महाराजांचं चित्र, दुसऱ्या बाजूला सात ओळी, अक्षर इतकं बारीक की मागच्या रांगेतल्या माणसाला दुर्बीण लागावी. मी म्हटलं, हिला स्लाइड नीट करून हवी आहे. बसलो. सात ओळींच्या तीन केल्या, चित्र मोठं केलं, पिवळ्यावर पांढरं लिहिलं होतं ते बदललं. दीड तास गेला. मला फार समाधान वाटलं. तिचं उत्तर आलं, "थँक यू मामा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की ती स्लाइड कॉलेजची नव्हतीच, एका वक्तृत्वाच्या कार्यक्रमाची होती आणि बोलायचं होतं मराठीत. मुलगी घरी मराठी बोलते, पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती. तिथे उभी राहून ती इंग्रजी ओळीच वाचत राहिली. 'कम्पल्सरी'ला मराठी शब्द आठवेना, तर ती 'फरजियात' म्हणून गेली. आपण इथे सगळे समजलो असतो, हसलोही असतो. पण ती रडकुंडीला आली. त्यात एका परीक्षकांनी विचारलं, "१९०६ला सुरुवात म्हणतेस, मग अमरेलीचं काय?" त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू झाला. तिच्या स्लाइडवर लिहिलं होतं, सुरुवात १९०६. ती ओळ मी स्वतः मोठ्या अक्षरात करून दिली होती! चुकीची तारीख जितकी ठळक, तितकी ती लवकर पकडली जाते.

मी तिला नंतर विचारलं, अगं, सांगायचं नाहीस का मराठीत बोलायचंय म्हणून? तर म्हणाली, "मामा, मराठी येत नाही असं कसं सांगणार तुम्हाला?" हे मला पुष्कळ दिवस टोचत राहिलं. आपल्यासारख्या तीन-चार पिढ्या इथे राहिलेल्या घरांत हे आहे, आपण ते उघड बोलत नाही. मुलं काही विचारत नाहीत याचं कारण प्रत्येक वेळी आळस नसतो.

तर तेव्हापासून मी फोटो आला की आधी स्लाइडवरचा मजकूर वाचतच नाही. फोटोच्या कडा बघतो. पडदा भिंतीवरचा आहे का, पुढे कुणाची डोकी दिसतात का? दिसत असतील तर ती स्लाइड दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि मूल श्रोत्यांत बसलेलं आहे. मग रंग-अक्षरांबद्दल बोलून उपयोग काय? त्याला बहुधा अर्थ हवा असतो, नाहीतर भाषांतर. लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो असेल आणि डावीकडे छोट्या छोट्या स्लाइडींची उभी पट्टी दिसत असेल, तर काम चालू आहे, अजून बदल करता येतील. पॉवरपॉइंटमध्ये खालच्या कोपऱ्यात Slide 6 of 9 असं येतं, त्यावरून एकूण पसारा कळतो. स्लाइडच्या खाली बोलण्याच्या टिपणांची जागा उघडी असते आणि तिथे Click to add notes एवढंच फिकट अक्षरात दिसत असलं, तर बोलायचं काय हे अजून लिहिलेलं नाही. आणि उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सकाळी अकराचा फोटो आणि रात्री पावणेबाराचा फोटो यांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

एवढं बघून चारांपैकी एक निवडायचं असतं. मजकुरावर मत द्यायचं, मांडणी सुधारायची, बोलण्यासाठी टिपण लिहून द्यायचं की भाषांतर करायचं. चारही करू नका. चार कामं एकदम पाठवली की समोरचा त्यातलं एकही नीट वाचत नाही, हा माझा नोकरीतलाही अनुभव. मात्र मी एक अपवाद ठेवतो. तारीख, नाव, आकडा चुकीचा दिसला तर ते सांगायचंच, बाकीचं काहीही निवडलेलं असो. कारण चूक तशीच राहिली तर मांडणी ती सजवते, टिपण ती मोठ्याने बोलतं आणि भाषांतर तिला दुसऱ्या भाषेत नेऊन बसवतं. पण आदल्या रात्री "विषयाचा रोखच बदल" असलं मत देऊ नये. ते खरं असलं तरी त्या वेळी त्याचा फक्त धसका बसतो.

आता, अंदाज चुकू शकतो, म्हणून विचारायचं तर आहेच. पण विचारायचं काय? मी आधी "याचं काय करू?" असं विचारत असे. उत्तर ठरलेलं, "काही नाही, बघा जरा." कारण आपल्याला काय हवं आहे हे त्या पोराला तरी कुठे नेमकं माहीत असतं! त्याऐवजी प्रसंग विचारावा. कुठे बोलणार, किती मिनिटं आणि कोणत्या भाषेत? याची उत्तरं त्याला ठाऊक असतात आणि एका ओळीत देता येतात. त्या एका ओळीवरून आपल्याला काम कळतं. भाषा विचारताना त्यात कमीपणा वाटणार नाही असं विचारावं.

यंदा फेब्रुवारीत तिचाच पुन्हा फोटो आला. आठ वाजता, वर-खाली काही नाही. लॅपटॉपचा पडदा, Slide 4 of 6, टिपणांची जागा रिकामी. स्लाइडवर इंग्रजीत पाच ओळी, विषय बडोद्याची ग्रंथालयं. त्यात दोन ठिकाणी मी थबकलो. बॉर्डनना 'ब्रिटिश' ग्रंथपाल म्हटलं होतं. विल्यम बॉर्डन अमेरिकन. न्यू हेवनच्या ग्रंथालयातला अनुभव असलेल्या या माणसाला महाराजांनी १९१० साली बोलावून घेतलं. दुसरं, साल १९१० आहे की १९१६ हे फोटोत कळेना. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात शून्य आणि सहा, एक आणि सात यांची गल्लत होते. अशा वेळी चूक म्हणून ओरडू नये. मी लिहिलं, "साल नीट दिसत नाही, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. आणि कुठे बोलणार, किती मिनिटं, मराठी की इंग्रजी?" उत्तर आलं, "कॉलेज, ५ मि., स्लाइड इंग्लिश, बोलणं मराठी. सर मराठी आहेत."

म्हणजे स्लाइडचं भाषांतर नको होतं. हे महत्त्वाचं, कारण मी विचारलं नसतं तर या वेळी भाषांतर करत बसलो असतो, मागचा धडा घेऊन! आणि भाषांतर केलं असतं तर मांडणीही मोडली असती. त्याच मापाचं देवनागरी अक्षर वेलांट्या, रफार, उकार यांच्यामुळे ओळीच्या वर-खाली जास्त जागा घेतं. इंग्रजीच्या पाच ओळी बसल्या त्या चौकटीत मराठीच्या चार जेमतेम बसतात. रात्री हे सगळं सावरत बसायचं कुणी?

तिला हवं होतं टिपण. सहा स्लाइडी, पाच मिनिटं, म्हणजे एका स्लाइडला पाऊण मिनिट सुद्धा चांगलं. मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, माझ्या संथ बोलण्याने तेवढ्या वेळात चार वाक्यं होतात. ती अशी पाठवली:

"१९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. ते तीन वर्षं बडोद्यात होते. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, आणि ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जाऊ लागल्या. ही झाली फिरती ग्रंथालयं."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, कारण स्लाइडवर 'ट्रॅव्हलिंग लायब्ररी' होतं आणि मला खात्री होती की ती त्याचं 'प्रवासी ग्रंथालय' करणार. प्रवासी म्हटलं की ऐकणाऱ्याला स्टेशनवरचं वाचनालय डोळ्यांपुढे येईल. खाली एवढंच लिहिलं, "ब्रिटिश काढून अमेरिकन कर." फाइल आली तेव्हा साल बरोबर होतं. अक्षर बारीक होतं, रंग मला अजिबात आवडला नव्हता, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे मला किती जड गेलं ते माझ्या सौभाग्यवतींना विचारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. टिपण तिने वाचलं नव्हतं, आदल्या रात्री देवनागरीतून रोमन अक्षरांत उतरवून पाठ केलं होतं. सरांनी विचारलं, पेट्या म्हणजे कसल्या? तिने सांगितलं, लाकडी. आणि मग मला म्हणाली, "मामा, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कधी गेलेय का मी?" नव्हती गेली. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो, तिथली ती काचेची जमीन बघून आलो.

परवा मात्र माझ्या पुतण्याचा एक फोटो आला आहे. भिंतीवरचा पडदा, पुढे तीन डोकी, स्लाइड सगळी जर्मनमध्ये, आणि नेहमीप्रमाणे सोबत काही लिहिलेलं नाही. कुठे बसला आहेस म्हणून विचारलं आहे. उत्तर अजून यायचंय.