प्रश्नावलीमागचे मूल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांच्या वह्या दुसऱ्या कोणाला वाचू देत नसत. आज त्याच धाग्याने थोडे बोलावे असा विचार आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी एका संशोधन-नैतिकता समितीचा सामान्य सदस्य होतो. एकदा एका अभ्यासक विद्यार्थिनीचा अर्ज आमच्यापुढे आला. बडोद्यातील मराठी शाळेत नववीच्या तीन तुकड्यांना घरची भाषा आणि वर्गातील अवघडलेपण यांविषयी प्रश्न विचारायचे होते. अर्जात लिहिले होते : ‘मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. नावे विचारणार नाही. धोका : नाही.’ तिन्ही विधाने प्रामाणिक होती आणि तिन्ही अपुरी होती.

प्रथम संमतीचा विचार करू. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेचे दार उघडणे. मुलाच्या वतीने होकार देण्याचा अधिकार तिने मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी असली, तरी आमची समिती तीच प्रमाण मानी. त्यांनुसार पालकाची संमती हवी, आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही, त्याला समजेल अशा भाषेत, हवी. ‘पालकांनी नकार कळवला नाही, तर होकार समजू’ असे अर्जात होते. ते आम्ही काढावयास सांगितले. चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर त्याला होकार कसे म्हणावे? काही माता गुजराती वाचतात, मराठी नव्हे. म्हणून संमतिपत्र दोन्ही भाषांत करवले.

नकार देणारे मूल उठून दिसू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. त्यासाठी वर्गशिक्षक बाहेर थांबतील, प्रत्येकाला सारखेच पाकीट मिळेल, आणि ज्याला भरावयाचे नाही तो कोरा कागद पाकिटात घालून पेटीत टाकील, असे ठरले. पालकाची संमती न आलेल्या मुलाच्या पाकिटातही तसेच दिसणारे एक शब्दकोडे असेल. पाकीट पेटीत पडेपर्यंत मन बदलता येईल. त्यानंतर नाही, कारण कोणते पाकीट कोणाचे हे शोधताच येणार नाही. ही मर्यादाही मुलांना आधी सांगणे आवश्यक होते.

आता गुप्ततेचा मुद्दा. नाव नाही म्हणजे ओळख नाही, हा समज फसवा आहे. प्रश्नावलीत तुकडी, मुलगा की मुलगी, मातृभाषा आणि वडिलांचा व्यवसाय अशा चार गोष्टी विचारल्या होत्या. एका तुकडीत कोकणी बोलणारी मुलगी एकच असेल आणि तिचे वडील बेकरी चालवीत असतील, तर नावाची गरजच काय? मी त्या विद्यार्थिनीला हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने तुकडी आणि व्यवसाय हे प्रश्न गाळले, तुरळक भाषा ‘इतर’ या एका गटात घातल्या, आणि पाचांपेक्षा कमी मुलांचा गट अहवालात वेगळा न दाखवण्याचे मान्य केले. संमतिपत्रांवर नावे असतात. म्हणून ती प्रश्नावलींपासून वेगळ्या कुलपात ठेवावयाची, असेही ठरले.

राहिला धोका. ‘तुला कोण चिडवते, सविस्तर लिही’ असा एक प्रश्न होता. तो वाचताच मी अस्वस्थ झालो, आणि त्याचे कारण आज आपल्यासमोर सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मीही एका शाळेत ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असे विचारत कागद वाटले होते. कोणाची संमती घेतली नाही. त्या काळी ते कोणाला सुचतही नसे. एका मुलाने लिहिले की घरी दारू आणि शिव्या यांचीच भाषा चालते. नाव लिहिले नव्हते. पण कागद शिक्षकांनी गोळा केले, अक्षर ओळखले आणि शिक्षकांच्या खोलीत ते वाचून दाखवले गेले. संध्याकाळपर्यंत शाळाभर झाले. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. माझ्या शोधनिबंधात मात्र तो एक आकडा होऊन राहिला. दोष त्या शिक्षकांचा होताच. पण कागद त्यांच्या हाती मी दिले होते.

म्हणून तो प्रश्न बदलून केवळ खुणा करण्याचा केला. कोणाचेही नाव मागितले नाही. मन दुखावल्यास कोणत्या समुपदेशिकेकडे जावे, हे वेगळ्या चिठ्ठीवर प्रत्येक मुलाला दिले. ‘तुम्ही सांगितलेले कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्यही बदलावे लागले. लैंगिक अत्याचाराची गोष्ट एखाद्या मुलाने समक्ष सांगितली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यान्वये ती कळवणे बंधनकारक आहे. पाळता न येणारे वचन मुलाला देऊ नये. ‘धोका : नाही’ या जागी शेवटी लिहिले गेले : ‘धोका अल्प, जुनी आठवण दुखावणे व ओळख पटणे हे दोन संभव, उपाय पुढीलप्रमाणे.’

सर्वेक्षण एका सत्राने लांबले. काही पालकांनी संमती दिली नाही, आणि निष्कर्षांतही ही उणीव तिने नोंदवली. ती विद्यार्थिनी सुरुवातीस माझ्यावर रागावली होती. ते स्वाभाविक होते. परंतु पेटी उघडली तेव्हा कोणते पाकीट कोणाचे हे तिलाही ओळखता आले नाही, असे तिने येऊन सांगितले. त्या दिवशी मला त्या शेवटच्या बाकाची आठवण झाली.