चार घरांची चौकट
(रिठद येथील विद्यार्थ्यांपुढील भाषण)

मेंडेलच्या वाटाण्यांचे 3:1 हे गुणोत्तर आपणांस पाठ आहे. त्याच पुनेट चौकटीत आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार मांडून पाहा. निर्दोष जनुक A, सदोष जनुक S. आई व वडील दोघेही AS, म्हणजे वाहक. ते स्वतः सहसा आजारी नसतात. आईची A व S ही अक्षरे वर लिहा, वडिलांची डावीकडे. चार घरांत AA, AS, AS आणि SS येतात. केवळ आजार पाहिला तर तीन निरोगी व एक रुग्ण, म्हणजे 3:1. इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत मात्र वाहकही वेगळे ओळखू येतात. तेव्हा गुणोत्तर 1:2:1 होते.

आता नेहमीची चूक पाहा. चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. चौकट प्रत्येक गर्भधारणेची शक्यता सांगते. पहिले मूल रुग्ण असले तरी दुसऱ्यालाही धोका 1/4 एवढाच राहतो. उलट, चारही मुले रोगमुक्त असण्याची शक्यता 3/4 चार वेळा गुणून 81/256, म्हणजे सुमारे 32 टक्के येते. म्हणून घरात रुग्ण नाही, एवढ्यावरून कोणी वाहक नाही असे समजू नका. विवाहापूर्वी दोघांचेही रक्त तपासून घ्यावे.