एका फोटोची हलती चित्रफीत: सूचना कशी लिहायची

गटाच्या बैठकीत आणि फोनवरही आम्हाला हल्ली एक प्रश्न सारखा विचारला जातो. एकाच फोटोतला पदर वाऱ्यावर हलतो, कॅमेरा हळूच वस्तूजवळ जातो, अशा छोट्या चित्रफिती स्टेटसला दिसतात. त्या कशा करतात? आज त्याबद्दलच बोलू. चित्रफीत बनवणारी एआयची साधनं बरीच आहेत, त्यांची नावंही बदलत असतात, म्हणून एकाच साधनाची माहिती आम्ही देणार नाही. कुठलंही साधन घेतलं तरी त्याला फोटोसोबत दोन-चार वाक्यांची लेखी सूचना द्यावी लागते. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. ती नीट लिहिली तर पाच ते दहा सेकंदांची चांगली चित्रफीत मिळते, मोघम लिहिली तर भलतंच काहीतरी समोर येतं.

आमच्या गटाला याची गरज कुरडयांमुळे पडली. कुरडया आपण करतो चैत्र-वैशाखात आणि त्यांची मागणी येते श्रावणात, गौरी-गणपतीत. तेव्हा आभाळ भरलेलं असतं. कुरडया वाळत घातल्याचं चित्रण करायचं म्हटलं तरी ऊन कुठून आणणार? हाताशी असतो उन्हाळ्यात काढलेला एखादा फोटो. आमच्याकडेही तसा एकच होता. अंगणात बाज, बाजेवर सुती साडी अंथरलेली, तिच्यावर चौदा कुरडया, डाव्या बाजूला पितळी सोऱ्या आणि साडीचं एक टोक बाजेखाली लोंबतंय. पुढ्यात गटाचं लेबल लावलेलं एक पाकीटही ठेवलेलं होतं.

सूचना लिहिण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या साधनाकडे आपला तेवढा एकच फोटो असतो. फोटोच्या चौकटीबाहेर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. आपल्याला माहीत असतं, बाजेच्या उजवीकडे गोठा आहे आणि मागे रांजण. त्याला ते दिसत नाही. म्हणून कॅमेरा उजवीकडे सरकव असं सांगितलं, तर तिथलं दृश्य ते स्वतःच्या अंदाजाने रचतं. आमच्या अंगणाच्या कडेला त्याने फरशीचा ओटा आणि फुलांच्या कुंड्या उभ्या केल्या. दिसायला छान, पण ते अंगण आमचं नव्हे. कॅमेरा मागे घे म्हटलं तरी तसंच होतं, कारण मागे जाताना चौकट मोठी होते आणि नव्या भागात काहीतरी भरावंच लागतं.

कॅमेरा पुढे, वस्तूच्या जवळ नेला की अंदाज बांधायची गरज सगळ्यात कमी पडते. जवळ जाताना जे दिसायचं ते बहुतेक सगळं फोटोत आधीच असतं. याला पुश-इन म्हणतात. आपल्या मालाच्या फोटोसाठी हीच हालचाल धरून चला, असं आमचं मत आहे. चौफेर फिरणारा, वरून झेपावणारा कॅमेरा सिनेमावाल्यांना लखलाभ.

आता सूचना. साधनं मराठीही बऱ्यापैकी समजतात, पण कॅमेऱ्याच्या हालचालीचे इंग्रजी शब्द त्यांना जास्त नेमके कळतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही इंग्रजीतच लिहितो. इंग्रजी फार यावं लागत नाही, चार साधी वाक्यं पुरतात. दोन सूचनांमधला फरक कळावा म्हणून आम्ही बैठकीत आधी मुद्दाम एक मोघम सूचना देऊन पाहिली:

```
Make a beautiful attractive video of this food.
```

म्हणजे, या पदार्थाची सुंदर, आकर्षक चित्रफीत कर. काय हलवायचं ते यात कुठेच सांगितलेलं नाही. मग ते साधनाने ठरवलं. कॅमेरा गर्रकन फिरला, कडेने कुणाचा तरी हात आला आणि त्याने कुरडई उचलली. त्या हाताला बोटं सहा. बायका हसून हसून बेजार झाल्या.

फोटोत काय आहे ते साधनाला दिसतंच, त्याचं वर्णन करण्यात शब्द घालवू नका. सूचनेत लिहायचं ते हालचालीबद्दल. कॅमेरा कुठे आणि किती वेगाने जाईल, फोटोतली कोणती एकच गोष्ट हलेल आणि काय जागचं हलणार नाही, एवढंच. आमची पहिली नीट सूचना अशी होती. रेडिओवर ती आम्ही दोनदा सावकाश वाचली, इथे जशीच्या तशी दिली आहे:

```
Slow, steady camera push-in toward the white noodle nests.
The loose corner of the sari sways in a light breeze.
The noodle nests, the brass press and the cot stay still.
One continuous shot, natural daylight.
```

पहिल्या वाक्यात कॅमेऱ्याने संथपणे, न हलता-डुलता कुरडयांकडे जायचं आहे. दुसऱ्यात साडीचं मोकळं टोक हलक्या वाऱ्याने हलायचं आहे. तिसऱ्यात कुरडया, सोऱ्या आणि बाज स्थिर राहायची आहेत. चौथ्यात सगळं एका सलग दृश्यात आणि दिवसाच्या साध्या उजेडात हवं, असं म्हटलंय. कुरडईला आम्ही नूडल नेस्ट, म्हणजे शेवयांचं घरटं म्हटलं, कारण कुरडई हा शब्द साधनाला कळेलच याचा भरवसा नाही. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून केलेल्या कुरडईचं घरटं केलंत होय गं!" पण साधनाला फोटोतली नेमकी कोणती वस्तू ते दाखवण्यापुरतं हे नाव आहे. गिऱ्हाईकासाठी ती कुरडईच.

तिसऱ्या वाक्याकडे पुन्हा लक्ष द्या. त्यात "हात नको, कुरडया हलवू नको" असं लिहिलेलं नाही. नको म्हणून का होईना, हाताचं नाव घेतलं की कधीकधी हातच हजर होतो. म्हणून जे नको ते लिहिण्यापेक्षा जे हवं ते लिहायचं, "स्थिर राहतील" असं. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते. ती असेल तर तिथे तेवढे शब्द टाका, मूळ सूचनेत नको.

या सूचनेने चित्रफीत आली, पण लगेच पाठवण्याजोगी नव्हती. अशी चित्रफीत तपासायची रीत सांगतो. आधी एकदा पूर्ण पाहा. मग पहिल्या क्षणाला थांबवा, वस्तू मोजा, शेवटच्या क्षणाला थांबवा आणि पुन्हा मोजा. जवळ जाताना कडेच्या काही कुरडया चौकटीबाहेर जाणारच, ते चालेल. मधल्या कुरडया मात्र तेवढ्याच आणि तशाच दिसल्या पाहिजेत. कुरडईची तार बारीक असते, म्हणून दोन कुरडया विरघळून एक होणं किंवा तारा पाण्यासारख्या लहरणं हा दोष हमखास पाहावा लागतो. आमच्या कुरडया नीट होत्या. बिघडलं होतं ते पाकिटावरचं लेबल. सुरुवातीला गटाचं नाव वाचता येत होतं, शेवटी काना-मात्रा वितळून अक्षरांच्या आळ्या झाल्या होत्या. लिहिलेला मजकूर या साधनांना सांभाळायला जड जातो, आणि आपली जोडाक्षरं तर फारच. यावर सूचनेत शब्द वाढवून उपयोग होत नाही. आम्ही फोटो खालून कापून पाकीट बाहेर काढलं. गटाचं नाव आणि फोन नंबर चित्रफीत झाल्यावर फोनमधल्या व्हिडिओ एडिटरमध्ये वरून टाकला. ती अक्षरं आपण टाकलेली, ती वितळत नाहीत.

दुसरा दोष वेगाचा. संथ म्हटलं तरी शेवटी कॅमेरा कुरडयांना नाक लावेपर्यंत गेला, आणि साडीचं टोक झेंड्यासारखं फडकलं. इतक्या जवळ गेलं की फोटोत मुळात नसलेले बारकावेही साधनाला रचावे लागतात, म्हणून अंतर थोडंच ठेवायचं. आम्ही दोनच वाक्यं बदलली:

```
Very slow, slight camera push-in, moving only a short distance.
The loose corner of the sari barely moves.
```

बाकीची दोन वाक्यं तशीच ठेवली. दोष दिसला की तेवढ्याच दोषाचं वाक्य बदला. सगळी सूचना नव्याने लिहिली तर काय सुधारलं आणि कशामुळे, ते कळत नाही. शिवाय फुकट मिळणाऱ्या चित्रफितींची संख्या बहुतेक साधनांत मर्यादित असते, म्हणून आम्ही सूचना आधी वहीत लिहून, दोघी-तिघींना वाचून दाखवून मगच टाइप करतो. ही चित्रफीत आम्हाला पसंत पडली.

फोटो उभा घ्या, म्हणजे स्टेटसला पूर्ण पडदा भरतो. आडवा फोटो देऊन उभी चित्रफीत मागितली तर साधन बाजू कापतं नाहीतर वर-खाली स्वतःचं काही भरतं. काही साधनं आपणहून आवाजही घालतात. आमच्या चित्रफितीत वाऱ्यासोबत कुठलंसं संगीत वाजत होतं, ते आम्ही बंद केलं.

बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. एक ताई म्हणाल्या, कुरडया जरा पांढऱ्या आणि मोठ्या कर असंही लिहू या की. दुसरीने विचारलं, मग पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईकाला काय सांगायचं? अखेर असं ठरलं, की हालचाल साधनाची चालेल, पण मालाचा रंग, आकार, संख्या फोटोतलीच राहील. तपासताना शेवटचा क्षण मूळ फोटोशेजारी ठेवून आम्ही रंगही पाहतो, कारण न सांगताही तो कधीकधी उजळतो.

माणसांचे फोटो आम्ही यात घेत नाही. डोळे मिटून उघडले, मान जराशी वळली, की चेहरा दुसऱ्याच बाईचा वाटू लागतो, कारण वळलेली बाजू साधनाने कधी पाहिलेलीच नसते. कुणा मैत्रिणीचा फोटो वापरायचाच असेल तर तिला आधी विचारा आणि तयार झालेली चित्रफीत तिला दाखवूनच पुढे पाठवा. आमच्या एक ताई स्पष्ट म्हणाल्या, "फोटो लावा, पण मला हलवू नका." त्यांचा फोटो तसाच स्थिर आहे.

सोऱ्यातून कुरडई कशी पडते हे दाखवायचं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. पुढच्या उन्हाळ्यात फोन बाजेच्या खुराला टेकवून खरंच चित्रण करून ठेवा. कुरडई घालताना हात कसा गोल फिरतो ते साधनाला सांगून जमत नाही.

आमची चित्रफीत स्टेटसला टाकताना आम्ही खाली एक ओळ लिहिली, ती तुम्हीही वापरा: "फोटो आमच्या अंगणातला, हालचाल एआयने केलेली. कुरडया विक्रीस तयार आहेत."