पंपावर अडकलेली रक्कम

सांताक्रूझच्या पंपावर कर्मचारी आधी पेट्रोल भरतो, मग नेमक्या रकमेसाठी कार्ड घेतो. त्यामुळे जादा रक्कम अडकत नाही. अमेरिकेतल्या स्वयंसेवा पंपावर क्रम उलटा. कार्ड आधी लागते, आणि किती इंधन जाईल हे ठाऊक नसल्याने पंप अंदाजे रक्कम रोखायला सांगतो. ती 175 डॉलरपर्यंत असू शकते. 175 डॉलर रोखले आणि 40 डॉलरचेच पेट्रोल भरले, तर 135 डॉलर जादा अडकतात. ते पंपाला मिळत नाहीत. अंतिम बिल पोचल्यावर बँक ते मोकळे करते: कधी काही तासांत, कधी काही दिवसांनी. डेबिट कार्डावर हे जास्त जाचते, कारण खात्यातलेच पैसे अडकतात. आत काउंटरवर ठरावीक रक्कम आधी भरली, तर ही अडचण सहसा टळते.